‘प्रगती समाधानकारक’ एवढ्याने भागत नाही: गटशिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती,
तसेच तालुक्यातील सर्व केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक

विषय: अभ्यासात अडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंदींबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यातील शिक्षण परिषदेत प्रगतिपत्रकाच्या नोंदींविषयी दोन तोंडी सूचना देण्यात आल्याचे आमच्या शाळेतील शिक्षकांकडून समजले. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात एकही नकारात्मक वाक्य असू नये, ही पहिली सूचना. नोंदींमध्ये एकसारखेपणा राहावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफमधील नमुना नोंदींतूनच निवड करावी, ही दुसरी. ती पीडीएफ मी वाचली आहे. ‘प्रगती समाधानकारक’, ‘अभ्यासात रस घेतो’, ‘आणखी सराव केल्यास उत्तम यश मिळेल’ अशी वाक्ये तिच्यात विषयवार लावून दिलेली आहेत. दिवाळीपूर्वी प्रथम सत्राचे संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, होईल आणि त्यानंतर ही वाक्ये तालुकाभर शेकडो मुलांच्या पत्रकांवर उतरतील. तसे होण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत आणि गावोगावच्या पालकांपर्यंत पोहोचावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

पहिल्या सूचनेमागचा हेतू मला मान्य आहे, हे आधीच सांगतो. ‘मंद’, ‘ढ’, ‘डोक्यात काही शिरत नाही’ असले शब्द पत्रकावर लिहिणारे शिक्षक आमच्या पिढीत होते आणि ते शब्द मुलांना घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवावे लागत. आमच्याकडे अनेक घरांत पत्रक वाचू शकणारे माणूस म्हणजे ते मूलच असते किंवा त्याची थोरली बहीण असते. ते शब्द बंद व्हायलाच हवे होते. अपमान काढताना माहितीही काढून टाकली गेली, हे मात्र मला मान्य नाही.

माझा संबंध सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालो आणि आता गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर सदस्य आहे. निकाल लागला की काही पालक पत्रक घेऊन माझ्या ओसरीवर येतात आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचून सांगायला लावतात. गेल्या निकालानंतर पाचवीतल्या एका मुलाची आई तशीच आली होती. मुलाचे खरे नाव येथे देत नाही, त्याला संदीप म्हणू. आईजवळ त्याची मागच्या वर्षांची पत्रकेही होती. मी ती एकापुढे एक वाचली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मास्तर, याच्यात तं सारं चांगलंच लिवलं हाये. मंग पोरगा नापास कायले झाला?”

या प्रश्नाला त्या पत्रकांत उत्तर नव्हते. ते का नव्हते, हे नीट पाहण्यासारखे आहे.

संदीपच्या चौथीच्या पत्रकात मराठीला ब-2 ही श्रेणी आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा भार 60 आणि संकलित मूल्यमापनाचा 40 ठेवलेला होता. संदीपला आकारिकमध्ये 60 पैकी 47 आणि संकलितमध्ये 40 पैकी 15 गुण होते. बेरीज 62 झाली आणि 61 ते 70 या गटात बसून ब-2 श्रेणी मिळाली. आकारिकच्या गुणांत उपक्रम, प्रकल्प, तोंडी काम, वर्गकार्य असे बरेच काही येते. त्यात संदीप बरा आहे, कारण तो बोलका आहे आणि सांगितलेले काम मनापासून करतो. म्हणजे श्रेणी खोटी नव्हती. तिच्या पोटात मात्र 40 पैकी 15 हा आकडा दडून राहिला होता आणि तो कशामुळे आला हे सांगण्याची एकमेव जागा म्हणजे शेजारचा वर्णनात्मक नोंदीचा रकाना होता. तेथे लिहिले होते: ‘प्रगती समाधानकारक. वाचनाचा सराव वाढवावा.’

त्यानंतर पाचवी आली. 2023 साली राज्याने नियम बदलला. तेव्हापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत किमान 35 टक्के गुण लागतात, म्हणजे पाचवीला प्रत्येक विषयात 50 पैकी 18. संदीपला मराठीत 14 आणि गणितात 11 मिळाले. पहिलीपासून चौथीपर्यंत समाधानकारक असलेले मूल एका उन्हाळ्यात नापास झाले, असा त्या आईचा समज झाला. शिक्षकाने मुद्दाम नापास केले, असेही घरात कोणीतरी म्हणाले. नोंदीत गोडवा राखून शाळेने पालकांचा विश्वास मिळवला नव्हता, तो गमावला होता.

पुनर्परीक्षेआधी मी संदीपला काही संध्याकाळी बसवून घेतले. त्याला काय येते आणि तो नेमका कोठे अडतो, एवढेच मला पाहायचे होते. हे करायला विशेष साधने लागत नाहीत. पाठ्यपुस्तक, घड्याळ आणि कोरी वही पुरते.

पाचवीच्या पुस्तकातला एक धडा मी त्याला वाचायला दिला. एका मिनिटात त्याचे 25 च्या आसपास शब्द झाले. निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचता यावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यावरून अंतर लक्षात यावे. परंतु आकड्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तो कोठे थांबत होता. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे शब्द तो सावकाश पण बरोबर वाचत होता. ‘प्रकाश’ आला की ‘परकाश’ म्हणत होता, ‘पुस्तक’चे ‘पुसतक’ करत होता आणि ‘सूर्य’पाशी गप्प बसत होता. जोडाक्षर, रकार आणि रफार हीच त्याची अडचण होती. मग तोच धडा मी त्याला वाचून दाखवला आणि पुस्तक मिटून प्रश्न विचारले. त्याने सगळी उत्तरे स्वतःच्या शब्दांत दिली. धड्यातल्या माणसाने तसे का केले असावे, यावर स्वतःचे मतही सांगितले. म्हणजे समज पाचवीची आहे आणि अडथळा लिपी उलगडण्यात आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. ‘मराठीत कच्चा’ किंवा ‘वाचनाचा सराव वाढवावा’ या दोन्ही नोंदी त्यांना एकाच पोत्यात भरतात.

गणितात तर चित्र आणखी स्पष्ट होते. 87 मधून 34 वजा करायला सांगितल्यावर त्याने 53 लिहिले. 52 मधून 38 वजा करायला सांगितले तेव्हा 26 लिहिले. 403 मधून 127 चे उत्तर त्याने 324 काढले. वरवर पाहता हा निष्काळजीपणा वाटतो, पण तिन्ही उत्तरे एकाच नियमाने आलेली आहेत. प्रत्येक घरात जो अंक लहान असेल तो मोठ्यातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली. 8 मधून 2 गेले 6, 5 मधून 3 गेले 2, झाले 26. ज्या वजाबाकीत वरचे सर्व अंक मोठे असतात तेथे हा नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून मुलाला तो चुकीचा वाटतच नाही. अशा वेळी त्याच प्रकारची आणखी पन्नास उदाहरणे दिली तर चुकीचाच नियम पक्का होतो. त्याला दशक सुटा करायचा अर्थ कळायला हवा. त्यासाठी तुरीच्या तुराट्यांचे तुकडे करून दहादहाचे गठ्ठे बांधायचे, 52 म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असे मांडायचे आणि त्यातून 38 काढून द्यायला सांगायचे. आठ सुट्या काड्या द्यायला आपल्याजवळ नाहीत हे हाताला जाणवले की तो स्वतःच एक गठ्ठा सोडतो.

आणि याच मुलाला मी तोंडी विचारले, की शंभराची नोट दिली आणि किराण्याचे बासष्ट झाले तर परत किती येतील. “अडतीस,” तो लगेच म्हणाला. कसे काढले विचारल्यावर त्याने सांगितले की बासष्टचे सत्तर व्हायला आठ, आणि सत्तरचे शंभर व्हायला तीस. आईसोबत कापूस वेचणीला गेल्यावर किलोप्रमाणे मजुरीचा हिशेब तोच तोंडी करतो आणि घरचे त्यावर विसंबतात. वजाबाकी त्याला येते. ती कागदावर उभी मांडली की येत नाही.

आता या मुलाविषयी काय लिहिता आले असते, ते पाहू. चौथीच्या वर्गशिक्षकांनी पीडीएफसारखे वाक्य लिहिले. दुसऱ्या स्वभावाच्या शिक्षकाने कदाचित असे लिहिले असते: ‘वाचन येत नाही. गणितात लक्ष नाही. पालकांनी लक्ष द्यावे.’ हे अधिक प्रामाणिक आहे असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. ‘वाचन येत नाही’ हे असत्य आहे, कारण त्याला जोडाक्षराशिवायचे शब्द येतात. ‘लक्ष नाही’ हा तर्क आहे, आणि ज्या मुलाने तीनही उदाहरणांत एकच नियम चिकाटीने पाळला त्याच्या बाबतीत तो तर्क चुकीचाच आहे. पहाटे शेतात जाणाऱ्या आणि स्वतः अक्षर न शिकलेल्या आईने ‘लक्ष द्यावे’ म्हणजे काय करावे, हेही त्यात नाही. गोड नोंद आणि कडक नोंद या दोन्हींत दोष एकच आहे. दोन्ही लिहिताना मुलाची वही उघडावी लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रोत्साहन आणि प्रामाणिकपणा यांत तडजोड करण्याचा प्रश्नच येत नाही. नोंद पुरेशी नेमकी असेल तर दोन्ही गोष्टी त्यातूनच साधतात. संदीपच्या पाचवीच्या प्रथम सत्राची नोंद अशी होऊ शकली असती:

“मराठी: वाचून दाखवलेला पाचवीचा धडा चांगला समजतो; प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत तोंडी सांगतो. काना-मात्रेचे शब्द वाचतो. जोडाक्षर आले की अडतो, त्यामुळे पाचवीचा धडा अजून स्वतः वाचता येत नाही. दिवाळीनंतर रोज परिपाठ झाल्यावर 15 मिनिटे रकार, रफार आणि जोडाक्षरांचे वाचन शाळेत घेऊ. घरी बहिणीने रोज चार-पाच ओळी ऐकाव्यात. शब्द चुकला तर लगेच सांगू नये, पुन्हा पाहू द्यावा. डिसेंबरअखेर वाचन पुन्हा ऐकून कळवू.

गणित: पैशांचा हिशेब तोंडी बिनचूक करतो. बिनहातच्याची वजाबाकी कागदावर येते. वरचा अंक लहान असला की उलटी वजाबाकी करतो, उदा. 52 − 38 = 26. दशक सुटा करणे काड्यांच्या गठ्ठ्यांवरून शिकवू. घरी बाजाराचा हिशेब त्याला तोंडी सांगून मग वहीत मांडायला लावावे.”

या नोंदीत एकही विशेषण मुलाला चिकटवलेले नाही. ‘हुशार’ही नाही आणि ‘कमकुवत’ही नाही. पहिली वाक्ये मुलाला धीर देतात, कारण ती खरी आहेत आणि ती खरी आहेत हे त्याला स्वतःला ठाऊक आहे. मुले खोटी स्तुती फार लवकर ओळखतात. ज्याला धडा वाचता येत नाही त्याच्या पत्रकावर ‘वाचनात प्रगती समाधानकारक’ लिहिले, तर शाळेने आपल्याकडे पाहिलेच नाही एवढेच त्याला कळते. त्यानंतरचे वाक्य पाचवीचा धडा वाचता येत नाही असे स्पष्ट सांगते. ते वाक्य गाळण्याचा मोह होतो, विशेषतः मुलाने जुलैपासून खरोखर पुढचे पाऊल टाकलेले असते तेव्हा. पण स्वतःच्या तुलनेत किती पुढे गेला हे सांगायचे आणि वर्गाच्या अपेक्षेपासून किती दूर आहे हे सांगायचे नाही, ही अर्धीच गोष्ट आहे, आणि तिचा हिशेब पाचवीच्या किंवा आठवीच्या वार्षिक परीक्षेत एकदम पुढे येतो.

येथे एक बारीक मुद्दा आहे. ‘वाचन तिसरीच्या पातळीचे’ असे पत्रकावर लिहावे का, असे एका तरुण शिक्षिकेने मला विचारले होते. माझे मत आहे की लिहू नये. माहिती बरोबर असली तरी ते वाक्य गल्लीत चिडवायला पुरते आणि पुढे काय करायचे तेही त्यातून कळत नाही. काय वाचता येते, काय येत नाही आणि कोणत्या अक्षरांपाशी थांबतो हे लिहिले की तीच वस्तुस्थिती पोहोचते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तयार नोंदींच्या पीडीएफविषयी आहे. नोंद कामाची आहे की नाही हे पाहण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. मुलाचे नाव झाकावे आणि ती नोंद त्याच वर्गातल्या दुसऱ्या कोणत्या मुलाला लागू पडेल का, हे पाहावे. सगळ्यांना लागू पडत असेल तर ती कोणाचीच नोंद नाही. आपल्या पीडीएफमधील वाक्ये सगळ्यांना लागू पडावीत म्हणूनच लिहिली गेली आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या अधिनियमातील कलम 24 प्रमाणे प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार लागेल ते जादा शिकवणे आणि पालकांना त्याच्या उपस्थितीची व शिकण्यातील प्रगतीची माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रत्येक बालक असे कायद्यात म्हटलेले असताना एकसारखेपणासाठी नमुना देणे त्या तरतुदीशी जुळत नाही.

दुसरी तक्रार, आणि ती शिक्षकांना उघडपणे मांडता येत नाही म्हणून मी मांडतो. शाळाभेटीच्या वेळी अधिकाऱ्यांच्या नजरेस ‘धडा स्वतः वाचता येत नाही’ अशी नोंद पडली, की पहिला प्रश्न “मग तुम्ही वर्षभर काय केले?” असा येतो. काही ठिकाणी लेखी खुलासाही मागितला जातो. ‘प्रगती समाधानकारक’ लिहिणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. अशा स्थितीत शिक्षक सुरक्षित वाक्याकडे वळला तर दोष केवळ त्याचा नाही. वास्तविक विचारायचे असेल तर उलटे विचारायला हवे. 40 पैकी 15 गुणांच्या मुलाविषयी समाधानकारक असे काय दिसले, हा प्रश्न समाधानकारक लिहिणाऱ्याला पडला पाहिजे.

तिसरी तक्रार गैरहजेरीबद्दल आहे. सोयाबीनची सोंगणी आणि त्यानंतर कापसाची वेचणी या काळात आमच्याकडची अनेक मुले घरी लहान भावंडे सांभाळतात किंवा शेतात जातात. ते बरोबर आहे असे मी म्हणत नाही. पण पत्रकावर त्याची नोंद ‘अनियमित’ एवढ्या एका शब्दात होते आणि तो शब्द स्वभावदोषासारखा वाचला जातो. पत्रकात महिनावार उपस्थिती असतेच. तिच्या आधाराने ‘ऑक्टोबर व नोव्हेंबरमधील गैरहजेरीत भागाकाराचा घटक राहिला, तो जानेवारीत घेऊ’ असे लिहिले, तर पालकांना गैरहजेरीची किंमतही कळते आणि ती भरून निघू शकते हेही कळते. संदीपचा भागाकार याच दोन महिन्यांत राहिला होता.

‘हुशार आहे, पण मेहनत घेत नाही’ या लाडक्या नोंदीबद्दलही दोन शब्द. ही नोंद शिक्षकाला प्रेमळ वाटते. मुलाला तीतून एवढेच समजते की मी मेहनत घेऊनही जमले नाही तर माझी हुशारी खोटी ठरेल. मेहनत दिसत नसेल तर काय दिसले ते लिहावे: गृहपाठाच्या वहीत किती पाने कोरी आहेत, कोणत्या तासाला तो प्रश्न विचारत नाही. त्याचप्रमाणे फळ्यावरचे उतरवताना सतत चुकणाऱ्या किंवा अक्षरे उलटी लिहिणाऱ्या मुलाविषयी निदान करणारा शब्द शिक्षकाने पत्रकावर लिहू नये. जे दिसते ते लिहावे, पुढच्या बाकावर बसवून पाहावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्या मुलाचे डोळे तपासून घ्यावेत.

यावर आपले उत्तर काय असेल याची मला कल्पना आहे. शाळा द्विशिक्षकी आहेत, एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आहेत, ऑनलाइन माहिती भरण्यातून सवड नाही आणि पत्रकातल्या रकान्यात दोन ओळींची जागा आहे. ही सगळी वस्तुस्थिती आहे. परंतु एवढी सविस्तर नोंद वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी लिहावी असे मी म्हणत नाही. साधारण तीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला ज्यांची खरोखर काळजी वाटते अशी मुले पाच-सहा असतात आणि त्यांची नावे त्याला तोंडपाठ असतात. बाकीच्यांना एक-दोन नेमक्या ओळी पुरतात. या पाच-सहा मुलांसाठी प्रत्येकी अर्धा तास लागेल. त्यातली वीस मिनिटे मुलाला समोर बसवून वाचून घेण्यात आणि त्याच्या चुकांत समान धागा शोधण्यात जातील, दहा मिनिटे लिहिण्यात. जागा कमी पडली तर पत्रकाला वेगळा कागद टाचावा. त्याला कोणत्याही शासन निर्णयाची आडकाठी असण्याचे कारण नाही.

नेमक्या नोंदीची एक मर्यादा मात्र आहे. नोंदीतले ‘घेऊ’ हे वचन आहे. रोज 15 मिनिटे देणे शक्य नसेल तर तसे लिहू नये, आठवड्यातून दोनदा शक्य असेल तर दोनदा लिहावे. न पाळलेले वचन छापील ‘समाधानकारक’पेक्षाही वाईट. आणि संदीपसारख्या मुलाचे वाचन दोन-तीन महिन्यांत वर्गाच्या बरोबरीला येईलच असे नाही. पुनर्परीक्षेत तो गणितात उत्तीर्ण झाला, मराठीत झाला नाही, आणि आज तो पुन्हा पाचवीतच आहे. जोडाक्षरांवर त्याचे काम चालू आहे. हीच नोंद चौथीच्या दिवाळीत झाली असती तर त्याला दीड वर्ष मिळाले असते.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

नमुना नोंदींची पीडीएफ मागे घेतल्याचे आणि नोंदी शिक्षकाने स्वतः लिहाव्यात असे लेखी परिपत्रक प्रथम सत्राच्या मूल्यमापनापूर्वी काढावे. तोंडी सूचना तोंडीच मागे घेतली तर ती गावापर्यंत पोहोचत नाही. त्याच परिपत्रकात अपमानकारक शब्दांना असलेली मनाई कायम ठेवावी, मात्र ‘अमुक अजून येत नाही’ हे वाक्य नकारात्मक धरले जाणार नाही असे स्पष्ट करावे.

शाळाभेटीत मुलाची अडचण प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या शिक्षकाकडून केवळ त्या नोंदीवरून खुलासा मागू नये. भेट देणाऱ्या केंद्रप्रमुखांनी प्रत्येक वर्गातील दोन अडणाऱ्या मुलांची नोंद आणि वही शेजारी ठेवून पाहावी आणि नोंदीतले वाक्य वहीत दिसते का, एवढे तपासावे. हे दहा मिनिटांचे काम आहे.

येत्या शिक्षण परिषदेतील एक तास केवळ याच विषयाला द्यावा. त्यात भाषण नको. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका मुलाची वही नाव झाकून आणावी, शेजारच्या शाळेतील शिक्षकाने तीवरून नोंद लिहावी आणि मग दोघांनी मिळून ती दुरुस्त करावी. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याची वही पाहताना आपला राग मध्ये येत नाही, म्हणून चुकीतला नियम लवकर दिसतो.

अडणाऱ्या मुलांच्या पालकांना पत्रक हातात देण्याबरोबर ते वाचूनही दाखवावे आणि मुलाला त्या वेळी सोबत बसवावे. पालक सभा सकाळी अकराला ठेवली तर वेचणीच्या दिवसांत आमच्याकडचे कोणी येऊ शकत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. सभा संध्याकाळी ठेवावी. शिक्षकांना मुक्कामाच्या गावी परतायचे असते, हे लक्षात घेऊन सत्रातून एकच अशी संध्याकाळ ठरवावी आणि तिच्या बदल्यात त्यांना शाळेच्या वेळेत सवलत द्यावी. वाचून दाखवण्याच्या आणि दुपारच्या वेळी घरोघर निरोप पोहोचवण्याच्या कामात व्यवस्थापन समितीचे सदस्य मदत करतील. आमच्या गावापुरता हा शब्द मी समितीच्या वतीने देतो.

शेवटची मागणी चौथी आणि सातवीच्या वर्गांपुरती आहे. पुढच्याच वर्षी वार्षिक परीक्षेला सामोऱ्या जाणाऱ्या या मुलांपैकी ज्यांचे संकलित मूल्यमापनातील गुण 35 टक्क्यांच्या जवळ किंवा त्याखाली असतील, त्यांच्या पालकांना प्रथम सत्राच्या पत्रकासोबतच ते गुण स्वतंत्रपणे, आकारिक गुणांत न मिसळता, लेखी कळवावेत आणि त्याखाली मूल नेमके कोठे अडते व शाळा काय करणार आहे ते वर्गशिक्षकांनी स्वतःच्या अक्षरात लिहावे. पालकांची स्वाक्षरी किंवा अंगठा घेतलेली त्याची प्रत शाळेत ठेवावी.

या पत्राची प्रत आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत इतिवृत्तासोबत जोडली जाईल. आपले उत्तर लेखी यावे, म्हणजे ते पालकांना वाचून दाखवता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती